रात्रपाळीत रोजच्या गोळ्या: चिठ्ठीवरची ‘सकाळ’ नेमकी कुठली?

माझी पाळी रात्री दहा ते सकाळी सहा. नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली तीन वर्षं मी गोळ्या चुकीच्या वेळी घेत होते, आणि तेही अगदी नेमाने, घड्याळ लावून. चिठ्ठीवर ‘सकाळी’ लिहिलेलं असायचं, म्हणून मी सकाळी घ्यायचे. त्या सकाळी माझा दिवस संपलेला असतो, हे ना मी डॉक्टरांना सांगितलं, ना त्यांनी विचारलं. नुकतीच रात्रपाळी लागली असेल आणि रोजची एखादी गोळी चालू असेल, तर हे तुमच्यासाठी.

मला साखरेसाठी दोन गोळ्या होत्या, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन. थायरॉइडची एक वेगळी. ग्लिमेपिराइडसमोर लिहिलं होतं, ‘सकाळी, नाश्त्याबरोबर’. मी सातला घरी यायचे, गोळी घ्यायचे, वर चहा आणि दोन बिस्किटं, आणि आठला झोपायचे. पाळी संपताना थोडं खाल्लेलं असायचं, त्यामुळे भूक नसायची.

एके दिवशी अकराच्या सुमारास जाग आली तेव्हा उशी घामाने ओली झालेली होती. हात थरथरत होते, छातीत धडधडत होतं, आणि मुख्य म्हणजे आज कोणता वार आहे, मला कामावर जायचंय की मी आत्ताच आले आहे, काही केल्या कळेना. मशीनवर साखर ५८ आली. ७० च्या खाली गेली की ती कमी धरतात. पाण्यात चार चमचे साखर घालून प्यायले, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ८१. मग पोटभर जेवले. तेव्हा आठवलं, गेले काही आठवडे अधूनमधून डोकं जड होऊन जाग येत होती, विचित्र स्वप्नं पडत होती, कपडे ओलसर लागत होते. दिवसा झोपल्यामुळे उकडत असेल, असं मी समजत होते. झोपेत साखर उतरली की हीच लक्षणं दिसतात. जागेपणी थरथर, भूक, घाम लगेच जाणवतात, झोपेत शरीर तेवढ्या जोरात इशारा देत नाही.

याचं कारण एकदा समजलं की वेळ पाठ करावी लागत नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. तुम्ही जेवला आहात की नाही, हे ते बघत नाही. घेतल्यावर दोन-तीन तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण सर्वांत जास्त होतं आणि परिणाम जवळपास दिवसभर टिकतो. म्हणजे दोन बिस्किटांवर मी ते घेतलं आणि पुढचे सात तास काहीही न खाता झोपून काढले. नाश्त्याबरोबर घ्या, असं सांगतात ते नाश्त्यानंतर माणूस जागा असतो आणि पुढे दिवसभर जेवत असतो म्हणून. मेटफॉर्मिनचं तसं नाही. ते इन्सुलिन सोडायला लावत नाही, म्हणून एकटं असताना साखर सहसा खाली नेत नाही. ते जेवणाबरोबर घ्यायचं ते पोट बिघडू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, “उठल्यावर पहिलं नीट जेवण कधी करता?” मी म्हटलं, तीनला उठते, सव्वाचारला जेवते. “मग हीच तुमची सकाळ,” ते म्हणाले. गोळी सव्वाचारच्या जेवणाबरोबर गेली. मेटफॉर्मिनचे दोन डोस सव्वाचारला आणि रात्री एकच्या जेवणाला, म्हणजे पोटात खरंच अन्न असताना.

वेळ बदलतानाचा दिवस मात्र नीट समजून घ्या, कारण चूक इथेच होते. समजा, आज सकाळी सातला ग्लिमेपिराइड घेतलंय. आजच दुपारी सव्वाचारला दुसरी घेतली, तर नऊ तासांत दोन गोळ्या होतील आणि साखर कोसळू शकते. मला सांगितलं होतं की आजची दुपार सोडून द्या, उद्या दुपारपासून सुरू करा. मधलं अंतर तेहतीस तासांचं झालं, त्या एका दिवशी साखर थोडी वर गेली आणि दुसऱ्या दिवशी जागेवर आली. या गोळीच्या बाबतीत दोन डोस जवळ येण्यापेक्षा अंतर लांबणं बरं. पण हा माझा हिशोब होता. इन्सुलिन, रक्त पातळ करणारी गोळी किंवा फिटची गोळी असेल, तर बदलाचा दिवस डॉक्टरांकडून वेगळा लिहून घ्याच. तिथे एक डोस पुढे ढकलणंही महागात पडू शकतं.

सुट्टीच्या दिवसांचा गुंता वेगळाच. सुट्टीला मी दहाला उठते. ‘उठल्यावरचं पहिलं जेवण’ हा नियम आंधळेपणाने पाळला, तर आदल्या दिवशी सव्वाचारला घेतलेली गोळी या दिवशी साडेदहाला येते, म्हणजे अठरा तासांतच, आणि परत कामावर जाताना उलटा घोळ. म्हणून डॉक्टरांनी दोन्ही वेळापत्रकं कागदावर एकाखाली एक मांडली आणि दोन्हीकडे असलेलं जेवण शोधलं. कामाच्या दिवशी सव्वाचारचं, सुट्टीला दोनचं. फरक सव्वादोन तासांचा, म्हणजे चालण्यासारखा. सुट्टीला सकाळी थोडंसं खायचं, गोळी दोनच्या जेवणाला. पहिल्या चार-पाच सुट्ट्यांना मी झोपण्यापूर्वी आणि उठल्याबरोबर साखर तपासून लिहून ठेवली, कारण त्या दिवशी गोळी आणि झोप यांतलं अंतर कामाच्या दिवसापेक्षा कमी पडतं. तुमचंही वेळापत्रक असं दोनतोंडी असेल तर आधी हे सामाईक जेवण शोधा. ते सापडलं की अर्धं काम झालं.

काही महिने हे उत्तम चाललं. मग एका रात्री कामात अडचण आली, एकचं जेवण झालंच नाही आणि तीनला मशीनवर ६६. जेवण चुकणार नाही याची खात्री ज्या कामात देता येत नाही, तिथे ही गोळी मुळातच अवघड, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी ती बदलून सिटाग्लिप्टिन दिली. ती जेवणाआधी घ्या की नंतर, फरक पडत नाही आणि एकटी असताना साखर सहसा खाली नेत नाही. माझ्या दृष्टीने या सगळ्यातली मोठी गोष्ट हीच. तुम्ही रात्रपाळी करता, हे डॉक्टरांना कळलं तर कधी कधी वेळच नाही, औषधच बदलतं. पहिल्याच भेटीत ते सांगायचं राहिलं म्हणून माझी तीन वर्षं गेली.

आता थायरॉइडची गोळी, लेव्होथायरॉक्सिन. तिला सकाळ नको असते, तिला रिकामं पोट हवं असतं. मी तीही सातला चहाबिस्किटांबरोबरच घेत होते, पाळी संपताना खाल्लेलं पोटात असताना. वर कॅल्शियमची गोळी त्याच घोटात. रोज घेऊनही थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ९.४, म्हणजे वाढलेला आला आणि डोस वाढवायचं घाटत होतं. औषधाच्या दुकानात मी सहज विचारलं, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी उलट विचारलं, “कशाबरोबर घेता?” अन्नाने आणि कॉफीने ती नीट शोषली जात नाही. कॅल्शियम आणि लोह तर तिला आतड्यातच धरून ठेवतात, म्हणून त्यांच्यात चार तासांचं अंतर लागतं.

आता तीनला डोळे उघडले की उशाशी ठेवलेल्या साध्या पाण्याबरोबर मी ती घेते, मग अंघोळ, आवराआवर, आणि सव्वाचारला जेवण. अर्धा ते एक तास लागतो, मला सव्वा तास मिळतो. कॅल्शियम रात्री एकच्या जेवणाला गेलं. डोस तोच ठेवून आठ आठवड्यांनी टीएसएच ३.१ आला. सुट्टीला हीच गोळी दहाला घेते आणि त्याची काळजी करत नाही. साखरेच्या गोळीसारखं इथे नाही, कारण तिचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे एक आठवडा लागतो. पाच तास इकडे-तिकडे झाले तर तिला कळतही नाही. शेवटचं खाणं होऊन तीन-चार तास झाले असतील तर झोपताना घेतली तरी चालते. मी पाळी संपता संपता खाते, म्हणून मला ते जमत नाही.

रक्तदाबाच्या गोळ्यांचं थोडक्यात. अ‍ॅम्लोडिपिनसारखी लांब टिकणारी गोळी घड्याळात कुठेही बसवा, फक्त रोज साधारण त्याच वेळी. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांवर लोकांना सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन गटांत रक्तदाबाची औषधं देऊन बरीच वर्षं पाहिलं, २०२२ मध्ये निकाल आला, आणि हार्ट अटॅक, पक्षाघात यांत फरक आढळला नाही. लघवी जास्त करणारी गोळी मात्र उठल्यावरच, नाहीतर दिवसाची झोप आधीच कच्ची, तीही तुकड्यातुकड्यांत जाते.

एक गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, ती वारांच्या डबीची. गोळ्यांच्या डबीवर सोमवार, मंगळवार असे कप्पे असतात आणि आपला वार पाळीच्या ऐन मध्यात, रात्री बाराला बदलतो. मंगळवारी दुपारी तीनला उठून मी मंगळवारचा कप्पा उघडायचे, आणि रात्री एकला जेवताना वाटायचं, आता बुधवार लागला, मग बुधवारचा कप्पा उघडायचा का? एकदा उघडला. बुधवारी दुपारी तो अर्धा रिकामा दिसला आणि मी नेमकं काय घेतलंय, काय राहिलंय, ते मला सांगता येईना. शंका असताना साखरेची गोळी पुन्हा घ्यायची नाही, हे माहीत होतं, म्हणून तो डोस सोडला.

त्या दिवसापासून वार उठण्यापासून मोजते. मंगळवारी दुपारी उठले की बुधवारी सकाळी झोपेपर्यंत तो मंगळवारच. डबीत प्रत्येक वाराचे दोन कप्पे आहेत. पहिल्यावर ‘४.१५’ आणि दुसऱ्यावर ‘रात्री १’ असं पट्टी चिकटवून लिहिलंय, सकाळ-संध्याकाळ हे छापील शब्द झाकून टाकले. थायरॉइडची गोळी त्या डबीत ठेवतच नाही, ती पाण्याच्या भांड्याशेजारी असते. बुधवारी सकाळी आठला पडदे ओढण्याआधी डबी हातात घेते. मंगळवारचे दोन्ही कप्पे रिकामे दिसले की झाकण लावते आणि झोपते.