चिकटून बसला म्हणजे सुइसाइड इनहिबिटर नव्हे: या चुका टाळा

ही चूक मी स्वतः केलीये म्हणून आधी तीच सांगतो. अडेनोसिन डिअमिनेज या एन्झाइमवर पेंटोस्टॅटिन हे औषध टाकलं, १५ मिनिटं ठेवलं, शंभरपट डायल्यूट केलं, आणि २६५ नॅनोमीटरला रीडिंग हलेचना. लगेच वहीत लिहून टाकलं, इर्रिव्हर्सिबल, सुइसाइड इनहिबिटर! गाइडनी ती ओळ खोडली. पेंटोस्टॅटिन एन्झाइमला कुठेही पक्कं जोडलं जात नाही, त्याच्या सात जणांच्या रिंगमधला ओएच फक्त त्या क्षणाची नक्कल करतो जेव्हा पाणी अडेनोसिनच्या सहा नंबरच्या कार्बनवर येऊन बसलेलं असतं, आणि एन्झाइम नेमका त्याच आकाराला घट्ट धरतो. सुटतं, पण सुटायला कित्येक तास लागतात, तुम्ही दहा मिनिटं बघून काय कळणार?

खात्री करायची तर डायल्यूशनवर थांबू नका. मिश्रण उकळून प्रोटीन मोडा, सेंट्रिफ्यूज करा, वरचं पाणी ताज्या एन्झाइमवर टाका. इनहिबिशन परत दिसलं तर तुमचं रसायन जसंच्या तसं बाहेर आलंय. फक्त आधी नुसतं पेंटोस्टॅटिन उकळून बघा, ते तगतंय ना, नाहीतर पुन्हा फसाल.

दुसरी गोची आकड्याची. पेंटोस्टॅटिनचा Ki, म्हणजे ते किती घट्ट बसतं त्याचा आकडा, साधारण २.५ पिकोमोलर. क्युवेटमध्ये एन्झाइम १ नॅनोमोलर असेल तर निम्मा एन्झाइम बंद करायला निदान निम्मे रेणू तरी लागणारच ना, म्हणजे

```
IC50 = [E]/2 + Ki
     = 500 pM + 2.5 pM
```

म्हणजे तुम्ही जे मोजलं ते इनहिबिटरची ताकद नाही, तुमच्याच एन्झाइमची मात्रा. एन्झाइम निम्मा करून परत मोजा, IC50 पण निम्मा झाला तर समजा हेच झालंय.

आता खरा सुइसाइडवाला, क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. बीटा-लॅक्टमेज त्याला पेनिसिलिन समजून स्वतःच फोडायला घेतो आणि त्यातून जे तयार होतं त्यात अडकतो. पण दर वेळी नाही हं! टेम-१ नावाच्या बीटा-लॅक्टमेजमध्ये एक एन्झाइम मरायच्या आधी साधारण ११५ रेणू नुसते फोडून सोडून देतो. म्हणून १ नॅनोमोलर एन्झाइमला ५० नॅनोमोलर टाकून "ॲक्टिव्हिटी आधी उतरली, मग तिथंच थांबली, सॅम्पल खराब दिसतंय" असं कोणी म्हणालं की समजायचं, सॅम्पल ठीक आहे, औषध संपलंय. हे नायट्रोसेफिन या रंग बदलणाऱ्या सबस्ट्रेटने डोळ्यांनी दिसतं, पिवळ्याचं लाल व्हायचं थांबतच नाही.

आणि हो, नायट्रोसेफिन नि क्लॅव्ह्युलॅनेट एकदम टाकू नका. दोघं एकाच जागेसाठी भांडतात, मग औषध कमजोर वाटतं. आधी औषध, थोडा वेळ, मग सबस्ट्रेट, आणि तो "थोडा वेळ" किती मिनिटं ते वहीत लिहा, कारण १ मिनिटाचा IC50 आणि २० मिनिटांचा IC50 वेगवेगळे येतात.