निखळलेला खांदा आणि गाबाची उघाडी

भूलशास्त्राला नुकत्याच लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. पहिल्या वर्षी मी गाबा रिसेप्टर तोंडपाठ केला होता. पाच तुकडे गोलाकार उभे, मधून क्लोराइडची वाट. बेन्झोडायझेपिनने ती वाट जास्त वेळा उघडते, बार्बिट्युरेटने जास्त वेळ उघडी राहते. तोंडी परीक्षेत हे सांगून गुणही मिळाले. पण त्याचा अर्थ कळला तो रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या एका लहान रुग्णालयात, एका खलाशाचा खांदा बसवताना.

ऑगस्ट महिना होता. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपली की बोटी बाहेर पडतात आणि आमच्याकडे हातापायाच्या दुखापती यायला लागतात. हा माणूस ४८ वर्षांचा, वजन ६० किलो, ओल्या डेकवर घसरून उजवा खांदा निखळलेला. पोट सहा तास रिकामं होतं. दारूचं विचारलं तर म्हणाला, “सणासुदीला असते मॅडम.” मी तेवढंच लिहून घेतलं. ही माझी पहिली चूक.

नळीतून ऑक्सिजन सुरू केला आणि मिडाझोलाम १ मिलिग्रॅम शिरेतून दिलं. एक मिनिट गेलं, तो टक्क जागा. आणखी १ दिलं. ऑर्थोच्या सरांनी हात हलवून पाहिला, तो कळवळून उठून बसायला लागला. मग आणखी १, आणखी २. चार मिनिटांत ५ मिलिग्रॅम गेलं आणि तो शांत व्हायच्या ऐवजी जास्तच बडबडायला, हात हिसकायला लागला. शेवटी फेंटानिल ५० मायक्रोग्रॅम दिलं. दोन मिनिटांत खांदा खट्कन बसला आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. त्याने मात्र श्वास टाकला नाही.

मॉनिटरवर सॅच्युरेशन तेव्हाही ९८ होतं. म्हणून हे नीट लक्षात ठेवा: ऑक्सिजन चालू असताना श्वास थांबला तरी तो आकडा लगेच पडत नाही. कॅप्नोग्राफ असता तर त्याची रेघ आधीच सपाट झाली असती. आमच्याकडे तो नव्हता. सिस्टर म्हणाल्या, “मॅडम, छाती हलत नाहीये,” तेव्हा मी पाहिलं. आकडा ८२ वर आला तोवर हनुवटी उचलून, मास्क बसवून अँब्यूने श्वास द्यायला सुरुवात झाली होती. दोन मिनिटांत तो पुन्हा ९५ च्या वर गेला.

फ्लुमाझेनिलची अँप्यूल मी हातात घेतली होती. त्याआधी भूलशास्त्राच्या माझ्या सरांना फोन लावला. त्यांचा पहिलाच प्रश्न: “तो रोज पितो का?” बाहेर बसलेल्या बायकोला विचारलं. ती म्हणाली, “रोज रात्री क्वार्टर लागतेच. काल रात्रीपण घेतलीन.” सर म्हणाले, “मग ते ठेव बाजूला. बॅग दाबत राहा.” नॅलॉक्सोन भरून ठेवलं होतं, पण लागलं नाही. सात-आठ मिनिटांनी तो स्वतःहून श्वास घ्यायला लागला. संध्याकाळपर्यंत त्याला नजरेखाली ठेवला.

त्या रात्री मी पुन्हा रिसेप्टर उघडून बसले, या वेळी त्या माणसाला समोर ठेवून.

खाडीकाठच्या शेतांना खारबंदिस्तीत उघाडी असते, म्हणजे फळीने बंद होणारी पाण्याची वाट; ती ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सोपं जाईल. उघाडीची फळी हलते तेवढीच. पाणी कुणी ढकलत नाही, ज्या बाजूची पातळी जास्त तिकडून ते आपोआप वाहतं. क्लोराइडचंही तसंच. मोठ्या माणसाच्या मेंदूत चेतापेशीच्या बाहेर क्लोराइड जास्त आणि आत कमी राखलेलं असतं. वाट उघडली की ते आत शिरतं, आतली बाजू जास्त ऋण होते आणि ती पेशी पेटून उठणं अवघड होतं. ही फळी उघडणारा माणूस म्हणजे गाबा. तो अल्फा आणि बीटा या तुकड्यांच्या सांध्यात बसतो. असे सांधे दोन.

मिडाझोलाम बसतं अल्फा आणि गॅमाच्या सांध्यात. ते स्वतः फळी उघडत नाही, गाबाचा हात तेवढा बळकट करतं. जिथे गाबा सुटतच नाही तिथे त्याला काही काम नाही. म्हणून एकट्या मिडाझोलामच्या परिणामाला वरची मर्यादा येते, आणि वेदना तर ते मारतच नाही. माझा रुग्ण झोपत नव्हता कारण खांद्यातून येणारी कळ त्याचा मेंदू सतत जागा करत होती. शिवाय दारूही याच रिसेप्टरवर काम करते. रोज पिणाऱ्याच्या मेंदूत या उघाड्यांची घडणच बदलते, त्या गाबाला कमी दाद देतात आणि पेशींना चेतवणारी ग्लुटामेटची बाजू चढते. अशा मेंदूवर फ्लुमाझेनिलने मिडाझोलामचा हात झटकन काढून घेतला तर झटका येऊ शकतो. सरांचा प्रश्न त्यासाठी होता.

मग त्याचा श्वास का थांबला? दोन गोष्टी जुळून आल्या. मिडाझोलामचा पूर्ण जोर यायला तीन ते पाच मिनिटं लागतात आणि मी दर मिनिटाला सिरिंज ढकलत होते. म्हणजे पहिल्या मिलिग्रॅमचा परिणाम दिसायच्या आत बाकीचे चार रांगेत उभे होते. त्यात फेंटानिलची भर पडली. ते ओपिऑइड रिसेप्टरवरून श्वासाच्या केंद्राला मंद करतं, त्याचा गाबा रिसेप्टरशी थेट संबंध नाही, पण दोन्ही एकत्र आली की परिणाम बेरजेपेक्षा मोठा होतो. तोवर त्याला श्वास घ्यायला लावत होती ती कळ. खांदा बसला, कळ गेली, आणि दोन्ही औषधांना मोकळं रान मिळालं. सगळ्यात धोक्याचा क्षण काम संपल्यानंतरचा असतो, हे मला पुस्तकात ठळक छापलेलं कुठे दिसलं नव्हतं.

प्रोपोफॉल याच रिसेप्टरवर, पण वेगळ्या जागी बसतं: पेशीच्या आवरणात रुतलेल्या भागात, बीटा तुकड्याजवळ. बीटा-३ मधलं एकच अमिनो आम्ल बदललेल्या उंदरांवर प्रोपोफॉलचा अंमल खूप कमी पडतो, इतकी ती जागा नेमकी आहे. थोड्या मात्रेत ते गाबाला मदत करतं, जास्त मात्रेत गाबाशिवायही फळी उघडतं. म्हणून त्याला मिडाझोलामसारखी मर्यादा नाही. जागेपणा राखणाऱ्या केंद्रांना ते दाबतं आणि थॅलॅमस व मेंदूचा पृष्ठभाग यांच्यातलं बोलणं एकसुरी करून टाकतं. ईईजीत कपाळाजवळ ८ ते १२ हर्ट्झच्या एकसारख्या लाटा दिसतात, त्या याच्याच. माणूस अर्ध्या-पाऊण मिनिटात झोपी जातो आणि औषध इतर ऊतकांत पसरलं की काही मिनिटांत परत येतो. मात्र त्याला उतारा नाही. फ्लुमाझेनिल फक्त बेन्झोडायझेपिनच्या सांध्यातून औषध हुसकावतं, तेही तासाभरापुरतं. त्याचा अंमल आधी ओसरतो आणि मिडाझोलाम शिल्लक असेल तर रुग्ण वॉर्डात जाऊन पुन्हा पेंगतो.

आता असा खांदा आला की मी फेंटानिल आधी देते, ५० मायक्रोग्रॅम, आणि पूर्ण तीन मिनिटं घड्याळाकडे बघते. मग मिडाझोलाम १ मिलिग्रॅम, पुन्हा तीन मिनिटं. गरज वाटली तरच पुढचा १, आणि प्रत्येक डोसाची वेळ सिरिंजजवळच्या पट्टीवर लिहिते. दारूचा प्रश्न आता दोनदा विचारते, एकदा त्याला आणि एकदा घरच्यांना बाजूला घेऊन: रोज किती, आणि शेवटची केव्हा. खांदा बसल्यावर ऑर्थोचे सर हातमोजे काढतात, तेव्हा मी उशाशी उभी राहून त्याच्या छातीवर हात ठेवते आणि दहा मिनिटं हलत नाही.