चाळिशीआधी पाळी थांबली? गोळीने येणाऱ्या रक्तस्रावावर विसंबू नका, या चुका टाळा

"मॅडम, गोळी घेतली की येते की पाळी. मग बिघडलंय कुठं?"

खानापूर तालुक्यातली 33 वर्षांची एक बाई माझ्यासमोर बसून हे विचारत होती. सोबत सासूबाई आणि दीड वर्षाच्या चिठ्ठ्यांनी भरलेली पिशवी. पाळी आधी दोन-दोन महिने पुढे गेली, मग चार महिने आलीच नाही. एकाने पाच दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या, रक्तस्राव झाला, घरच्यांना हायसं वाटलं. पुन्हा थांबली, पुन्हा गोळ्या. नंतर दुसऱ्याने एकवीस गर्भनिरोधक गोळ्यांचं पाकीट सुरू केलं. रात्री अंगाला दरदरून घाम यायचा, तो उन्हाळ्याचा म्हणून सोडून दिला होता. पण आता श्रावण चालू होता आणि घाम तसाच.

पहिली चूक या प्रश्नातच आहे. गोळी थांबल्यावर होणारा रक्तस्राव एवढंच सांगतो की गर्भाशयाचं अस्तर प्रतिसाद देतंय आणि शरीरात थोडंफार इस्ट्रोजेन आहे किंवा गोळीतून मिळालंय. अंडाशय चाळिशीआधीच थकू लागतात, ज्याला आम्ही पीओआय म्हणतो, तेव्हा ते एकदम बंद पडत नाहीत. दिव्यातलं तेल संपताना वात जशी अधूनमधून मोठी होते, तसं चालतं. त्यामुळे एखाद्या महिन्यात रक्तस्राव झाला म्हणून हा आजार नाही, असं धरता येत नाही.

दुसरी चूक तिच्या पिशवीत सापडली. एफएसएचचा रिपोर्ट होता, आकडा 6.2, शेजारी कुणीतरी पेनाने 'नॉर्मल' लिहिलेलं. मी तारखा जुळवून पाहिल्या. रक्त घेतलं त्या दिवशी ती पाकिटातली चौदावी गोळी घेत होती. एफएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीने अंडाशयाला मारलेली हाक. अंडाशय ऐकेनासं झालं की हाक मोठी होते, आकडा वर जातो. पण गोळीतलं हार्मोन रक्तात असलं की पिट्यूटरी गप्प बसते. मग आकडा कमी दिसणारच! तो अंडाशयाचा नव्हे, गोळीचा रिपोर्ट होता.

गोळ्या बंद केल्या, तोवर निरोध वापरायला सांगितला, आणि सात आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतलं. एफएसएच 74, आणि इस्ट्रॅडिऑल, म्हणजे अंडाशयातलं मुख्य इस्ट्रोजेन, 20 पेक्षा कमी. गरोदरपणाची तपासणी निगेटिव्ह, थायरॉईड आणि प्रोलॅक्टिन ठीक. पाळी किमान चार महिने बंद किंवा फार अनियमित आणि एफएसएच 25 च्या वर, असं असेल तर निदान करतात. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकच तपासणी पुरते, शंका असली तर चार ते सहा आठवड्यांनी दुसरी. आधीच्या गोंधळामुळे मी दुसरी करून घेतली. आकडा 61 आला.

उलट दिशेची चूकही बघते. वंध्यत्वाच्या तपासण्यांच्या पॅकेजमध्ये एएमएच, म्हणजे अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन, कमी आलं, पाळी मात्र महिन्याच्या महिन्याला येते, तरी मुलीला 'तुझी पाळी संपली' असं सांगून टाकतात. नुसत्या कमी एएमएचवर हे निदान होत नाही. केसांसाठी बायोटिनच्या मोठ्या डोसाच्या गोळ्या चालू असतील तर तेही लॅबवाल्याला सांगा. काही यंत्रांवर त्याने एफएसएच खोटं कमी आणि इस्ट्रॅडिऑल खोटं जास्त दिसतं.

कारण शोधायला गुणसूत्रांची तपासणी, फ्रॅजाइल एक्सची जनुकीय तपासणी आणि अॅड्रिनल ग्रंथीविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी करतात. बहुतेकींत कारण सापडत नाही. तिच्यातही सापडलं नाही.

सासूबाईंचा सूर तोवर बदलला होता. "एक पोरगं झालंय, पाळीची कटकट गेली तर बरंच की." ही तिसरी चूक आणि माझ्या मते सगळ्यात महागाची. हाड रोज थोडं झिजतं आणि पुन्हा भरलं जातं. झीज आवरून धरणारा लगाम इस्ट्रोजेनचा. पन्नाशीत सुटायचा तो लगाम तिशीत सुटला तर झीज वीस वर्षं आधीच सुरू होते. तिच्या कमरेच्या मणक्याचा डेक्सा, म्हणजे हाडाची घनता मोजणारा स्कॅन केला, झेड स्कोअर उणे 2.2 आला. या वयात तरुण हाडाशी तुलना करणारा टी नव्हे, आपल्याच वयाशी तुलना करणारा झेड स्कोअर वाचायचा. उणे 2 किंवा त्याखाली म्हणजे वयाच्या मानाने हाड कमी. हृदयाचंही तसंच. इस्ट्रोजेन लवकर गेलेल्या बायकांमध्ये हृदयविकार लवकर येतो. तिचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 148 होतं, आणि सकाळी दाताला मिश्री. निपाणी-चिकोडीकडच्या बायका मिश्रीला तंबाखू मानतच नाहीत, म्हणून मी 'तंबाखू खाता का' असं विचारत नाही, 'दात कशानं घासता' विचारते.

तिला रोज 2 मिलीग्रॅम इस्ट्रॅडिऑल सुरू केलं, एकही दिवस खंड न पाडता. आणि दर इंग्रजी महिन्याच्या 1 ते 12 तारखेला रात्री झोपताना 200 मिलीग्रॅम प्रोजेस्टेरॉन. तारखा ठरवून दिल्या की चुका कमी होतात. गर्भाशय असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर अस्तर जाड होत जातं आणि पुढे कर्करोगाचा धोका वाढतो. प्रोजेस्टेरॉन त्यासाठी आहे. ज्यांची गर्भपिशवी काढली आहे त्यांना सहसा ते लागत नाही. गुठळ्यांचा धोका किंवा अर्धशिशी असेल तर गोळीऐवजी पॅच किंवा जेल बरं. स्तनाचा कर्करोग झालेल्या बाईला हे उपचार सहसा देत नाहीत.

पाचव्या महिन्यात ती आलीच नाही. फोन केला तेव्हा कळलं, नणंदेने मोबाईलवर वाचलं होतं की या गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग होतो. ती भीती बव्हंशी 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासातून आली आहे. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. तिशीतल्या बाईला आपण जादा काही देत नाही, वयाप्रमाणे जे असायला हवं तेवढं भरून देतो, साधारण पन्नाशीपर्यंत. त्यामुळे ते आकडे तिला लागू पडत नाहीत.

गणपतीत आणखी एक घोळ झाला. पूजेच्या दिवसांत पाळी नको म्हणून तिने दुकानातून पाळी लांबवायच्या गोळ्या आणल्या आणि इस्ट्रॅडिऑल दहा दिवस बंद ठेवलं. घाम परत आला, रक्तस्रावही ऐन आरतीच्या वेळी. अशा वेळी इस्ट्रोजेन चालूच ठेवायचं, आणि डॉक्टरांना आधी विचारून प्रोजेस्टेरॉनच्या तारखा पुढे-मागे करायच्या. रक्तस्राव त्या मागोमाग सरकतो. ठरल्या दिवसांबाहेर वारंवार रक्त जात असेल तर मात्र सोनोग्राफी करावी लागते.

वर्षाने तिने स्वतःच लॅबमध्ये जाऊन एफएसएच केलं, 38 आलं, आणि औषध लागू पडत नाही म्हणून घाबरली. या आकड्यावरून डोस ठरवत नाहीत, तो वरच राहू शकतो. घाम, झोप, योनीचा कोरडेपणा आणि हाडाचा स्कॅन यावरून ठरवतात. हेही तिला तेव्हाच सांगितलं की या गोळ्यांनी गर्भ राहायचा थांबत नाही. शंभरातल्या पाचेक जणींना निदानानंतरही आपोआप दिवस जातात. मूल नको असेल तर वेगळी सोय हवी.

दोन वर्षांनी पुन्हा स्कॅन केला, झेड स्कोअर उणे 1.8. मिश्री सुटली, निदान ती तरी तसं सांगते. सासूबाई 1 तारखेला गोळीची आठवण करून देतात.