गाडीची कनेक्टेड सेवा बंद करताना ‘फक्त या वेळी’ निवडू नका

फोनमधलं अ‍ॅप काढलं की गाडीला इंटरनेटवरून फोनशी जोडणारी वर्गणीची कनेक्टेड सेवा बंद होते, असं सांगणारे म्हापशात दर गॅरेजवर एक भेटतात. त्यांचं ऐकू नका. पैसे अ‍ॅपमुळे कापले जात नाहीत, तुम्ही बँकेला किंवा यूपीआयला दिलेल्या मँडेटमुळे, म्हणजे आपोआप वसुलीच्या परवानगीमुळे, कापले जातात.

नूतनीकरणाच्या आठ-दहा दिवस आधी कंपनीच्या अ‍ॅपमधून किंवा ग्राहक सेवेला फोन करून योजना रद्द करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. योजनेत रोडसाइड असिस्टन्स असेल तर आधी विम्याची पॉलिसी उघडा. त्यात अनेकदा हीच सोय अ‍ॅड-ऑन म्हणून घेतलेली असते आणि आपण दोनदा पैसे भरत असतो. मात्र चोर्ला घाटातून रात्री येणं-जाणं असेल, तर दोन्हींपैकी एक तरी चालू ठेवा.

आता मँडेट. मी इथेच फसलो होतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार वर्गणीचे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला कळवावं लागतं. त्यात रक्कम, तारीख, कंपनीचं नाव असतं आणि नकार देण्याची सोयही असते. माझा मेसेज आला तेव्हा मी खूश होऊन नकार दिला. पण तिथे दोन पर्याय होते: फक्त ही एक वसुली थांबवा किंवा सगळं मँडेट रद्द करा. मी घाईत पहिला दाबला. त्या वर्षी पैसे वाचले. पुढच्या जूनमध्ये पावसात गाडी गॅरेजला होती, मेसेजकडे लक्ष गेलं नाही आणि २,९९९ रुपये गेले. ओटीपीही विचारला नाही, कारण १५,००० रुपयांपर्यंतच्या वसुलीला तो लागतच नाही.

म्हणून मेसेजची वाट बघत बसू नका. कार्डावर असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये स्टँडिंग इन्स्ट्रक्शन किंवा ई-मँडेट शोधा. यूपीआयवर असेल तर ज्या अ‍ॅपमधून मंजुरी दिली होती, त्यातल्याच ऑटोपेमध्ये. ‘पॉज’ नको, कायमचं रद्द. पिन किंवा ओटीपी विचारेल, तो द्या. मेसेजमधल्या लिंकवर मात्र जाऊ नका, अशा नावाने फसवणारेही असतात. शेवटी यादीत त्या नोंदीपुढे ‘रद्द’ असं दिसलं की स्क्रीनशॉट काढा. तेवढं दिसेपर्यंत काम झालं असं समजू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा: नुसतं मँडेट तोडून योजना चालू ठेवली, तर कंपनी थकबाकी म्हणून मागे लागू शकते. दोन्ही तोडा.

तरीही पैसे गेले, तर आधी कंपनी आणि बँकेला लेखी तक्रार करा. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. स्क्रीनशॉट तिथेच कामाला येतो.