कोड आला, पण दुसऱ्या सिमवर
निपाणी-खानापूरकडे बऱ्याच जणांच्या फोनात एक सिम कर्नाटकातलं, दुसरं कोल्हापूरचं. यूपीआय ॲप सुरू करताना सिम 1 निवडलं, चक्र फिरतंय, आणि बँकेचा मेसेज मात्र भलतीकडेच पडलेला. तो मेसेज उघडा; बहुतेक फोनांत शेजारी बारीक 1 किंवा 2 असतो. 2 दिसला तर खात्याला जोडलेला नंबर दुसऱ्या सिमचा. इथं कोड हातानं टाकून भागत नाही, कारण ॲप निवडलेल्या सिमवरून स्वतःच एसएमएस पाठवतं आणि तो नंबर खात्याशी ताडला जातो. मागे जाऊन सिम 2 निवडा, सेटिंगमध्ये एसएमएससाठीही तेच ठेवा. त्यावर रिचार्ज हवाच. नुसतं इनकमिंग चालू असलं तरी जाणारा मेसेज अडतो.