गोष्टीतली गफलत मुलांना स्वतः सापडावी म्हणून

गैरसमजाची गोष्ट वाचून "काय चुकलं?" विचारलं की सहावी-सातवीतली मुलं "त्यानं पाटी नीट वाचली नाही" म्हणून मोकळी होतात. त्यापेक्षा गोष्ट मध्येच थांबवा.

समजा, गोष्ट अशी: सुमित नांदेडहून परळीला निघालाय. गाडी थेट परळीची. मामा डब्यात झोपलेत. परभणी जंक्शनवर खिडकीतून पाटी दिसते: 'परळीकडे जाण्यासाठी येथे गाडी बदला.' सुमित पिशवी उचलून खाली उतरतो.

इथे पुस्तक मिटा आणि या क्रमाने विचारा:

१. पाटीवर नेमके कोणते शब्द होते? (फळ्यावर लिहून घ्या.)
२. सुमितनं त्याचा अर्थ काय लावला?
३. ही सूचना कोणत्या प्रवाशासाठी? मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसलेल्याला ती लागू होईल का? सुमितला?
४. उतरण्याआधी त्यानं कोणाला, काय विचारायला हवं होतं?

खरा कस तिसऱ्या प्रश्नात. सुमितनं एकही अक्षर चुकीचं वाचलेलं नाही, सूचना मात्र त्याच्यासाठी नव्हती. अडलीच मुलं, तर नकाशात नांदेड, परभणी, मनमाड आणि परळी दाखवा. परभणीला फाटा फुटतो हे दिसलं की बहुतेकांची ट्यूब पेटते.

"चूक कोणाची?" हा प्रश्न सुरुवातीला नको. एकदा का मुलं सुमितला येडा ठरवून बसली, की पाटीकडे कोणी बघत नाही. मामाचं बघू नंतर.