सण सरकला आणि जाहिरातीचे आकडे फुगले

ऑक्टोबरच्या अहवालात जाहिरातीच्या दर रुपयामागची विक्री गेल्या वर्षीच्या 3.1 वरून थेट 4.6 वर दिसत होती. दुकानदार खूश. मला मात्र शंका आली, कारण यंदा सण 12 नोव्हेंबरऐवजी 1 नोव्हेंबरला होता, म्हणजे ऐन खरेदीचे दिवस ऑक्टोबरात आले होते. चांद्र पंचांगाचा सण साधारण 11 दिवस मागे सरकतो आणि अधिक मास आला की सुमारे 19 दिवस पुढे जातो. महिन्याशी महिना लावून चालतच नाही.

मग शीटमध्ये तारखेशेजारी एक रकाना घातला: `=A2-$F$1`, जिथे F1 मध्ये त्या वर्षीच्या सणाची तारीख. दोन्ही वर्षांचे −21 ते +6 हे 28 दिवस घेतले. पूर्ण चार आठवडे असल्याने शनिवार-रविवारही समान आले. आता आकडे निघाले 4.4 आणि 4.2, म्हणजे किंचित घटच! क्लिकमागे खरेदीचं प्रमाण तेवढंच होतं, जाहिरातीवरचा क्लिक महागला होता.

ग्राहकांनी परत केलेला माल येऊन संपेपर्यंत शेवटच्या आठवड्याचा आकडा कच्चाच धरावा. आणि सवलत यंदा लवकर सुरू केली असेल, तर ही जुळणीही फसते. तेव्हा सवलतीचे दिवस वेगळे काढावे लागतात.